चुकून गेलेली पोस्ट आणि त्यानंतरची दिलगिरी: किती सांगायचं, कुठे थांबायचं

एखाद्या संस्थेचं, दुकानाचं किंवा मंडळाचं पेज नव्याने सांभाळायला घेतलं की पोस्ट शेड्यूल करणं दोन दिवसांत जमतं. चुकीची पोस्ट गेल्यावर काय लिहायचं हे मात्र कुणी शिकवत नाही, आणि ते लिहायची वेळ येते तेव्हा फोन सतत वाजत असतो. अशा वेळी माणूस एकतर दोन शब्दांत उरकतो, नाहीतर घाबरून सगळी कहाणी सांगत बसतो. या दोन्हींच्या मधली जागा कशी शोधायची, ते इथे पायरीपायरीने मांडलं आहे.

आधी रांग थांबवा

माफी लिहायला बसण्याआधी शेड्यूल केलेल्या बाकीच्या पोस्ट थांबवा. यात उशीर झाला तर एका चुकीच्या दोन होतात. सकाळी नऊची पोस्ट रात्री नऊला गेली असेल, तर एएम-पीएमची तीच गफलत उद्याच्या पोस्टमध्येही असू शकते. शेड्यूलिंगचं साधन एका टाइमझोनवर आणि तुमचं अकाउंट दुसऱ्यावर असेल, तर पूर्ण आठवड्याची रांग तेवढ्याच तासांनी सरकलेली असते. हे ओळखायचं असेल तर रांगेतली कुठलीही दुसरी पोस्ट उघडा आणि तिथे दिसणारी वेळ तुमच्या नियोजनाच्या तक्त्याशी ताडून पाहा. फरक प्रत्येक पोस्टमध्ये सारखाच असेल तर दोष सेटिंगचा. एकाच पोस्टमध्ये असेल तर दोष हाताचा. मध्यरात्रीचे बारा आणि दुपारचे बारा यांच्यात नवख्यांची फसगत सर्वात जास्त होते, म्हणून बाराच्या ठोक्याला पोस्ट लावूच नका, पाच मिनिटं पुढे-मागे लावा.

तीच पोस्ट दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर आपोआप गेली आहे का, तिच्यावर पैसे भरून जाहिरात चालू आहे का, ईमेलमध्ये तिची लिंक आहे का, हेही आत्ताच बघा.

काढायची की ठेवायची

पोस्ट काढण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात मजकूर, वेळ, कमेंट आणि शेअरचे आकडे दिसले पाहिजेत. पुढे किती सांगायचं हे ठरवताना हेच आकडे लागतात, आणि पोस्ट काढल्यावर ते हाताशी राहत नाहीत. अपवाद एकच. पोस्टमध्ये कुणाचा फोन नंबर, पत्ता, आजाराची माहिती असं काही खासगी गेलं असेल, तर आधी काढा. तिथे प्रत्येक मिनिट त्या माणसाचं आहे.

मजकूर फक्त चुकलेला असेल, म्हणजे तारीख किंवा नाव, तर पोस्ट काढण्यापेक्षा दुरुस्त करणं बरं, कारण ज्यांनी ती शेअर केली त्यांच्याकडेही दुरुस्ती पोचते. पण प्रत्येक ठिकाणी हे जमत नाही. इन्स्टाग्रामवर कॅप्शन बदलता येते, पण आतला फोटो बदलून दुसरा लावता येत नाही. व्हॉट्सॲपवरचा संदेश पाठवल्यापासून पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. सगळ्यांसाठी काढायला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो, पण तिथे काहीतरी काढल्याची खूण राहते. ईमेल एकदा गेलं की गेलं.

मजकूर बदलताना एक पथ्य पाळा. ज्या चुकीवरून लोकांनी कमेंट केल्या आहेत ती गुपचूप बदलू नका. नवीन वाचणाऱ्याला खालच्या कमेंट निरर्थक वाटतात आणि कमेंट करणाऱ्याला आपल्याला खोटं पाडल्यासारखं वाटतं. शेवटी एक ओळ घाला: ‘दुरुस्ती, दुपारी २.१०: वरची तारीख आधी चुकीची होती.’

किती सांगायचं: तीन प्रश्न

आता मुख्य मुद्दा. लाज किती वाटते आहे किंवा वरिष्ठ किती रागावले आहेत, यावर माफीची लांबी ठरवू नका. वाचणाऱ्याला काय लागणार आहे, यावर ठरवा. त्यासाठी तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला: पोस्ट वाचून कुणी काही केलं का, किंवा करू शकेल का? पैसे भरले, सुट्टी टाकली, प्रवासाचं ठरवलं, कुणाला कळवलं? केलं असेल तर त्या माणसाने आता काय करायचं हे तुम्हाला सांगावंच लागेल, आणि तुमच्या पोस्टचा तोच गाभा असेल.

दुसरा: कुणी दुखावलं गेलं का? एखाद्या दुर्घटनेच्या दिवशी आधीच लावून ठेवलेली आनंदाची पोस्ट गेली, तर कुणाचे पैसे बुडत नाहीत, पण मन दुखतं. इथे सूचना नको असतात. कुठली गोष्ट चुकली हे तुम्हाला कळलं आहे, एवढं वाचणाऱ्याला दिसायला हवं असतं.

तिसरा: हे परत होईल अशी रास्त भीती वाटते का? वाटत असेल तरच कारण सांगा, आणि तेही खात्री झाल्यावर.

तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे अर्धवट ड्राफ्ट दोन मिनिटं दिसला आणि त्यावर एकही प्रतिक्रिया नाही, तर काढा आणि पुढे चला. स्वतंत्र माफी लिहिलीत तर चूक ज्यांनी पाहिली नाही त्यांनाही ती कळते, आणि माफी चुकीपेक्षा जास्त लोकांपर्यंत जाते. एकाने जरी विचारलं, ‘हे काय होतं?’ तर त्यालाच एका ओळीत उत्तर द्या: ‘ड्राफ्ट चुकून प्रकाशित झाला होता, काढला आहे.’ पुरे.

एक उदाहरण, पहिल्यापासून

समजा, एक संस्था चित्रकलेची कार्यशाळा घेते. नवीन पोस्ट तयार करताना गेल्या वर्षीची पोस्ट कॉपी केली, तारखा बदलल्या, पण ‘पहिल्या वीस जणांना निम्मं शुल्क’ ही ओळ तशीच राहिली. ड्राफ्ट म्हणून ठेवण्याऐवजी ती शेड्यूल झाली आणि शनिवारी रात्री नऊला गेली. नऊ चाळीसला लक्षात आलं. तोवर अकरा जणांनी फॉर्म भरला होता आणि सहा जणांनी निम्मं शुल्क भरलंही होतं.

इथे नवखा माणूस लगेच ‘क्षमस्व’ टाइप करू लागतो. थांबा. निर्णय झाल्याशिवाय ही माफी लिहिताच येत नाही. त्या सहा जणांचं काय? आणि फॉर्म भरून पैसे न भरलेल्या पाच जणांचं? ते ठरलं नसताना ‘गोंधळाबद्दल क्षमस्व’ एवढंच टाकलं, तर पुढचा तासभर तोच प्रश्न कमेंटमध्ये येत राहील, आणि तीन ॲडमिन तीन उत्तरं देतील. म्हणून आधी निर्णय देऊ शकेल अशा माणसाला फोन करा आणि नेमकं विचारा: ‘नऊ चाळीसपर्यंतच्या अकरा जणांना आपण निम्म्या शुल्कात घेतो आहोत का?’ निर्णय लगेच मिळत नसेल, तर उत्तर केव्हा देणार ती वेळ घ्या. तीही सांगण्याजोगी गोष्ट आहे.

समजा, होकार आला. आता पहिला मसुदा बहुतेकदा असा निघतो:

‘काही तांत्रिक कारणास्तव आमच्या पेजवर चुकीची माहिती प्रसारित झाली. यामुळे कुणाची गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’

यातल्या प्रत्येक तुकड्यात खोट आहे. कारण तांत्रिक नव्हतं, जुनी ओळ राहून गेली होती. ‘चुकीची माहिती’ म्हणजे कोणती, ते सांगितलेलं नाही, त्यामुळे तारखाही चुकल्या का अशी शंका येते. आणि ‘असल्यास’ हा शब्द सगळ्यात वाईट. सहा जणांनी पैसे भरले आहेत हे तुम्हाला माहीत आहे, मग ‘असल्यास’ कशासाठी? ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ हे वाक्यही याच जातीचं. ते इतक्या वेळा वापरून झालं आहे की वाचणारा ते माफी म्हणून वाचतच नाही.

घाबरलेल्या माणसाचा मसुदा उलट्या बाजूला जातो: आमच्या नव्या सहकाऱ्याने गेल्या वर्षीची फाइल उघडली, तिला सवलत बंद झाल्याचं माहीत नव्हतं, तपासणारी व्यक्ती रजेवर होती, आम्हाला अत्यंत वाईट वाटत आहे, आणि असंच पुढे. यातलं एकही वाक्य फॉर्म भरलेल्या माणसाच्या कामाचं नाही. शिवाय छोट्या संस्थेत ‘नवी सहकारी’ म्हटलं की नाव घेतल्यासारखंच असतं.

आता कामाचा मसुदा पाहा:

‘आज रात्री ९ वाजता चित्रकला कार्यशाळेची एक अपूर्ण पोस्ट आमच्याकडून चुकून प्रकाशित झाली. त्यात लिहिलेली निम्म्या शुल्काची सवलत या वर्षी नाही. पोस्ट आम्ही ९.४० ला काढली आहे. तोपर्यंत ज्यांनी फॉर्म भरला, त्या सर्वांना निम्म्या शुल्कातच प्रवेश मिळेल. त्यांना उद्या दुपारी १२ पर्यंत ईमेल येईल, वेगळं काही करायची गरज नाही. बाकी सर्वांसाठी नोंदणी सोमवारी सकाळी ९ वाजता, पूर्ण शुल्कासह सुरू होईल. चूक आमची आहे, माफ करा.’

सात वाक्यं आहेत. पहिल्यात काय घडलं, दुसऱ्यात नेमकं काय चूक होतं. तिसऱ्यातली वेळ महत्त्वाची, कारण पुढचा निर्णय तिच्यावरच टेकलेला आहे, आणि फॉर्मवरची वेळ पाहून कुणालाही तो पडताळता येतो. ‘वेगळं काही करायची गरज नाही’ हे शब्द गाळू नका, नाहीतर अकराच्या अकरा जण ‘मला मिळेल ना?’ म्हणून विचारतील. किती जणांनी पैसे भरले तो आकडा मुद्दामच दिलेला नाही, कारण तो कुणाच्याच उपयोगाचा नाही. जुनी ओळ राहिल्याचं कारणही वगळलं आहे. ‘अपूर्ण पोस्ट’ या शब्दांत ते आलं, आणि कुणी विचारलं तर कमेंटमध्ये खरं कारण एका वाक्यात सांगता येईल.

शब्द कोणते वापरायचे

मराठीत चुकीची जबाबदारी क्रियापदातच दिसते. ‘पोस्ट गेली’ म्हटलं तर ती जणू स्वतःच्या पायांनी गेली. ‘आम्ही चुकीची पोस्ट टाकली’ हे सरळ आहे, पण त्यात जाणूनबुजून टाकल्याचा वास येऊ शकतो. ‘आमच्याकडून चुकून प्रकाशित झाली’ यात हेतू नव्हता हेही कळतं आणि चूक कुणाची हेही. बहुतेक वेळा हीच रचना चालते.

खेद, दिलगिरी आणि माफी यांचं वजन सारखं नाही. ‘खेद आहे’ हे पाऊस पडून कार्यक्रम रद्द झाला तरी म्हणता येतं, त्यात स्वतःची चूक मान्य करावी लागत नाही. ‘दिलगीर आहोत’ हे औपचारिक सूचनेला शोभतं. माणसाचं नुकसान झालं असेल किंवा मन दुखावलं असेल, तर ‘माफी मागतो’ म्हणा, आणि कोणाची ते लिहा. आणि एका पोस्टमध्ये माफी एकदाच मागा. तीनदा मागितली की दुसऱ्यापासून वाचणारा तुमची समजूत काढायच्या कामाला लागतो.

‘अकाउंट हॅक झालं होतं’ हे खरं नसेल तर कधीही लिहू नका. शेड्यूलिंगच्या साधनात कुणी, किती वाजता, काय केलं याची नोंद बहुधा राहते, आणि ती पाहणारे लोक तुमच्याच संस्थेत असतात.

मन दुखावणारी पोस्ट गेली असेल तर

जर्मनीत ९ नोव्हेंबर हा १९३८ मध्ये ज्यूंविरुद्ध झालेल्या हिंसाचाराचा स्मरणदिन असतो. २०२२ मध्ये त्या दिवशी केएफसीच्या जर्मन ॲपवरून ग्राहकांना संदेश गेला. स्मरणदिनाचं नाव घेऊन त्यात चीज घातलेलं चिकन खाण्याचं आवतण होतं. साधारण तासाभरात त्याच ॲपवरून माफीचा दुसरा संदेश गेला, त्यात आपल्या यंत्रणेतल्या चुकीचा उल्लेख होता. नंतर कंपनीने खुलासा केला की संदेश तयार करण्याची पद्धत अर्धस्वयंचलित होती, ती दिनविशेषांच्या कॅलेंडरला जोडलेली होती, आणि तपासणी होईपर्यंत ॲपवरचे संदेश थांबवले आहेत.

यातला क्रम शिकण्यासारखा आहे. आधी लगेच आणि थोडक्यात माफी, मग कारण कळल्यावर सविस्तर खुलासा. दोन्ही एकाच वेळी देऊ पाहिलं तर माफीला उशीर होतो, किंवा अंदाजाने कारण सांगितलं जातं आणि पुढे ते मागे घ्यावं लागतं. इथे कारण सांगणं गरजेचंही होतं, कारण वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न हाच होता की हे कुणी माणसाने लिहिलं का?

अशा वेळी तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये तीनच गोष्टी हव्यात: प्रसंगाचा नावानिशी उल्लेख, पोस्ट आधीपासून लावलेली होती ही वस्तुस्थिती, आणि बाकीची रांग थांबवल्याची माहिती. ‘आधीच शेड्यूल केली होती’ हे वाक्य एकटं सोडू नका. ते खरं असलं तरी बातमी येऊन काही तास झाले असतील, तर लोक विचारतातच की मग रांग का तपासली नाही. ‘बातमी आल्यावर आम्ही ती थांबवायला हवी होती, थांबवली नाही’ हे एक वाक्य जोडलं की तो प्रश्न उरत नाही. चुकीच्या पोस्टमधला मजकूर माफीत पुन्हा उद्धृत करू नका, आणि त्या माफीखाली लोगो, हॅशटॅग, संकेतस्थळाची लिंक काहीही नको.

विनोदाला जागा आहे का? कुणाचंही काही बिघडलं नसेल तर आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या अधिकृत अकाउंटवरून एका कर्मचाऱ्याची बिअरबद्दलची खासगी पोस्ट चुकून गेली. संस्थेने ती काढली, काढल्याचं सांगितलं, आणि रेड क्रॉस शुद्धीत आहे, किल्ल्या काढून घेतल्या आहेत, अशा अर्थाचं हलकंफुलकं उत्तर दिलं. ते निभलं, कारण त्या पोस्टने कुणाचं नुकसान झालं नव्हतं. तुमच्या बाबतीत एक माणूस जरी दुखावला असेल तरी हा मार्ग बंद.

खासगी माहिती फुटली असेल तर क्रम उलटा करा. आधी त्या व्यक्तींना फोन करा: काय दिसलं, किती वेळ दिसलं, किती जणांनी पाहिल्याचं दिसतं. जाहीर पोस्ट त्यानंतर, आणि तीही मोघम: ‘काही व्यक्तींची माहिती चुकून प्रकाशित झाली, संबंधितांशी आम्ही बोललो आहोत, स्क्रीनशॉट असल्यास कृपया काढून टाका.’ कोणती माहिती ते लिहिलंत तर लोक स्क्रीनशॉट शोधू लागतात.

कुठे टाकायची आणि किती दिवस ठेवायची

चूक ज्या वाटेने पोचली त्याच वाटेने दुरुस्ती पाठवा. हवाईमध्ये १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८.०७ ला क्षेपणास्त्र येत असल्याचा चुकीचा इशारा लोकांच्या फोनवर गेला. धोका नसल्याचं संबंधित यंत्रणेने ट्विटरवर सव्वाआठनंतर लगेचच सांगितलं होतं, पण फोनवर दुरुस्तीचा संदेश पोचायला पहिल्या इशाऱ्यापासून ३८ मिनिटं लागली. ज्यांनी ट्विटर पाहिलं नाही, ते तेवढा वेळ जीव मुठीत धरून होते. तुमची चूक स्टोरीत गेली असेल तर माफी स्टोरीत द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली असेल तर त्याच ग्रुपवर. ईमेलची चूक ईमेलनेच निस्तरा, आणि विषयाच्या ओळीत ‘दुरुस्ती’ हा शब्द पहिला ठेवा.

पोस्ट प्रकाशित करण्याआधी ती अशा एका माणसाला वाचायला द्या ज्याला प्रकरण माहीत नाही, आणि विचारा, ‘तू फॉर्म भरला असतास तर आता काय करशील?’ त्याला उत्तर देता आलं नाही तर मसुदा अपुरा आहे.

पुढचे दोन तास कमेंटना एकाच व्यक्तीने उत्तरं द्यावीत. रागाच्या कमेंट काढू नका, फक्त शिवीगाळ आणि कुणाची खासगी माहिती असेल तेवढंच काढा. कमेंटमध्ये नवीन आश्वासन देऊ नका. पोस्टमध्ये नसलेलं काही कबूल करावंच लागलं, तर ते पोस्टमध्येही वेळेसह जोडा, म्हणजे सगळ्यांना एकच गोष्ट कळेल.

माफीची पोस्ट वर पिन करून ठेवा, पण तिचं काम संपेपर्यंतच. आपल्या उदाहरणात सोमवारी सकाळी नोंदणी सुरू झाली की पिन काढा. पोस्ट मात्र राहू द्या, नंतर कुणी सवलतीचा जुना स्क्रीनशॉट घेऊन आलं तर दाखवायला तीच उपयोगी पडते. रविवारी दुपारी ईमेल गेले की त्याच पोस्टखाली कमेंट करा: ‘सर्व ११ जणांना ईमेल पाठवले आहेत. मिळालं नसेल तर स्पॅम फोल्डर पाहा, तिथेही नसेल तर आम्हाला संदेश करा.’ ही कमेंट झाल्यावरच थांबवलेली रांग पुन्हा चालू करा, आणि ती चालू करताना पहिल्या पोस्टची तारीख, वेळ आणि शुल्काची ओळ कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा.